दिवे घाटातली सीताफळं: पाटी आधी उलटी करा

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पुण्याहून सासवडला गेलो. दिवे घाट चढून वर आलं की रस्त्याकडेला सीताफळांनी भरलेल्या पाट्या लागतात. पहिल्याच ठिकाणी गाडी थांबवू नका. मी दोन-तीन ठिकाणी नुसते भाव विचारले, आणि तेवढ्यानं अंदाज आला.

चौथ्या ठिकाणी एक मावशी पाटीचे पाचशे म्हणाल्या. वर आठ मोठी, देखणी फळं. मी म्हटलं, "मावशी, खालची बघू का?" त्या हसल्या. "बघा की, पण दाबू नका." वरची फळं काढली तर खाली बारा लहान फळं, आणि त्याखाली चांगला वीतभर पाला. पाला टाकायचा रिवाजच आहे, त्याने फळ खरचटत नाही. पण त्यानं पाटी भरलेली दिसते, हेही खरं.

शेजारच्या काट्यावर वजन करून घेतलं. मोठी दोन किलो, लहान दीड किलो. त्या दिवशी सुटी मोठी १२० रुपये किलो होती, लहान ६०. म्हणजे २४० आणि ९०, एकूण ३३०. साडेतीनशेला सौदा झाला. लहान फळात बिया आणि सालच जास्त, गर थोडा. त्यामुळे त्याला मोठ्याचा भाव देऊ नये. खरं तर मी मोठीच सुटी घ्यायला हवी होती.

फळ निवडताना डोळे बघायचे. डोळे फुगलेले, त्यांच्यामधल्या फटी रुंद आणि पिवळट पांढऱ्या झाल्या असतील तर कडक फळही दोन-तीन दिवसांत पिकतं. डोळे चिकटलेले, फट हिरवीच, म्हणजे फळ कोवळंच तोडलंय. ते काळं पडतं, गोड होत नाही. फटीत कापसासारखी पांढरी पूड दिसली तर तो पिठ्या ढेकूण, सोडून द्या.

प्रवास लांबचा असेल तर मऊ फळ घेऊ नका. मी मोहानं दोन घेतली होती, डिकीच्या उन्हात दोन्ही फुटली. कडक फळं घरी कागदावर पसरून ठेवली, ती तिसऱ्या दिवशी खाल्ली. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते आणि पिकणं बिघडतं.

हाच हिशेब महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला लावू नका. ती तोडल्यावर गोड होत नाही, देठाकडे पांढरी असेल तर आंबटच राहणार. डबा उचलून बूड बघा. रस लागलेला असेल तर खालची फळं गेली. जांभळं जूनमध्ये घ्यायची ती टपोरी, कडक, आणि त्याच दिवशी संपतील एवढीच.