ढेकर आली म्हणजे गॅसच, असं नसतं

सप्टेंबर महिना, कपाशीवर फवारणी जोरात चालू होती. सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक बावन्न वर्षांचे शेतकरी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून आले. चेहरा घामानं निथळत होता. "डाक्टर साहेब, ग्यास अडकला जी. काल दिवसभर पंप होता पाठीवर, त्यानं बी छाती धरली असन," असं त्यांनी सांगितलं. मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यायनं पहाटे सोडा घेतला. ढेकर आली, मंग थोडं बरं वाटलं मंते."

स्नायू, पित्त, हृदय, तिन्हींकडे बोट दाखवणारी कारणं या माणसापाशी होती. दिवसभर सोळा लिटरचा पंप वाहिलेला, रात्री झुणका-भाकर आणि झणझणीत ठेचा, आणि पहाटे पाचपासून छातीत दुखणं.

मी म्हटलं, "भाऊ, कुठं दुखते ते दाखवा." त्यांनी बोट ठेवलं नाही, अख्खा तळवा छातीच्या मधोमध दाबून धरला. स्नायूचं दुखणं असलं की माणूस बहुतेक वेळा एका बोटानं नेमकी जागा दाखवतो. मी बरगड्या आणि छातीचं हाड दाबून पाहिलं, दोन्ही हात वर करायला लावले, खोल श्वास घ्यायला लावला. खांद्याला पट्ट्याची जागा दुखत होती, पण ज्या दुखण्यासाठी ते आले होते ते यातल्या कशानंही कमी-जास्त होईना. दाबल्यावर दुखलं एवढंच पुरेसं नसतं, "हेच ते दुखणं" असं रोग्यानं म्हणावं लागतं. आणि तसं म्हटलं तरी या वयात मी ईसीजी काढतेच.

पित्ताचा विचार केला. जळजळ घशाकडे चढते, आंबट पाणी तोंडात येतं, आडवं झालं किंवा वाकलं की वाढते. यांना तसं काहीच नव्हतं. मळमळ मात्र होती, एकदा उलटीही झाली होती, आणि सोड्यानं ढेकर आली म्हणून घरच्यांचा गॅसवर विश्वास बसला. इथंच फसगत होते. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडलं की मळमळ, उलटी आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणं ही लक्षणं पुष्कळदा पुढं येतात. सोड्यानं किंवा पित्ताच्या औषधानं आराम पडला म्हणून हृदयाचा संशय सुटला असं होत नाही.

मग मी विचारलं, "गेल्या महिन्यात चालताना कधी असं झालं?" ते नाही म्हणाले. पत्नींनी लगेच अडवलं, "नाही कसं? वावराचा चढ चढताना थांबत नव्हते का तुमी? छाती भरून येते मनत होते." श्रमानं येणारं आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारं दुखणं आता बसल्या जागी आलं होतं. माझं मत तिथंच ठरलं.

पहिला ईसीजी जवळजवळ साधा दिसला. ईसीजीतली प्रत्येक लीड हृदयाकडे वेगळ्या कोनातून पाहते, त्यातल्या फक्त एव्हीएल या लीडमध्ये रेघ किंचित खाली होती. दुखणं चालूच होतं, म्हणून त्यांना हलवलं नाही. १०८ला फोन केला, ॲस्पिरिनची ३०० मिलीग्रॅमची गोळी चावून खायला दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टी काढली. आता दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये रेघ स्पष्ट उचललेली होती. खालच्या भागाचा हार्ट अटॅक.

मुलानं खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढली, शेजाऱ्यानं दिलेली. मी ती देऊ दिली नाही. रक्तदाब ९६ वर ६० होता, आणि उजव्या बाजूच्या लीडवरही रेघ उचललेली होती. म्हणजे हृदयाचा उजवा कप्पाही अडचणीत होता. अशा वेळी ती गोळी रक्तदाब धाडकन खाली आणू शकते. ती गोळी कुणाच्या घरी असेल तर दुसऱ्याला देऊ नये, हे मला गावोगाव सांगावंसं वाटतं.

रुग्णवाहिकेतून ते उपजिल्हा रुग्णालयात गेले. तिथं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं. दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत ते देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. पाच ते साडेआठ हा वेळ सोड्यात आणि वाट पाहण्यात गेला होता.

पुढं अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसला. रुग्णालयातून घरी परतल्यावर ते तपासणीला आले तेव्हा मी त्यांच्या मुलाला तो चढ किती उंच आहे ते विचारून घेतलं, आणि तिथं चालताना पुन्हा छाती भरून आली तर पाच मिनिटं थांबून पाहायचं, तरी दुखणं गेलं नाही तर घरी न जाता वावरातूनच १०८ लावायचा, असं ठरवलं. मुलगा म्हणाला, "आमच्या वावरात रेंज नाही जी, बंधाऱ्यापाशी येते." मग बंधाऱ्यापाशीच फोन करायचा, आणि तिथपर्यंत पळत जायचं ते मुलानं. बापानं बसून राहायचं, हेही त्यात घातलं.