वजन जास्त आणि ताकद कमी: आईच्या तपासणीचा माझा अनुभव

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. आई 68 वर्षांची. पाटावरून उठताना तिला भिंतीचा आधार लागायला लागला, भरलेली गुंडी उचलवेना, आणि एकदा अंगणात तोल जाऊन पडली. शेजारपाजारचे सांगायचे, "वजन कमी करा काकू, गुडघ्यावर भार येते." दवाखान्यातही तेच सांगितलं. आईने रात्रीची भाकरी बंद केली. काटा थोडा उतरला, पण ती जास्तच गळून गेली. दुपारी ओसरीवर बसली की उठायचं नाव नाही. वजन उतरतंय तर ताकद का जातेय, हा प्रश्न घेऊन मी तिला यवतमाळला एका फिजिशियन मॅडमकडे नेलं.

मॅडमनी आधी पाच साध्या गोष्टी विचारल्या: साडेचार-पाच किलोचं ओझं उचलता येतं का, खोलीतल्या खोलीत चालायला आधार लागतो का, खुर्चीतून उठणं जड जातं का, जिना चढवतो का, वर्षभरात किती वेळा पडलात. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, आणि बेरीज 4 किंवा जास्त आली की पुढे तपासायचं. आईची 5 आली. कंबर भरली 98 सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 च्या पुढे जास्तच धरतात.

मग हाताची पकड. डायनॅमोमीटर म्हणजे दांडा दाबायचं एक यंत्र. आईने दात आवळून दाबलं तरी काटा 15 किलोच्या पुढे सरकला नाही. आशियाई स्त्रियांसाठी 18 च्या खाली म्हणजे कमी. नंतर बिनहाताच्या खुर्चीवरून, हात छातीशी बांधून, पाच वेळा उठायचं आणि बसायचं. त्याला 19 सेकंद लागले; 17 किंवा जास्त लागले तर ताकद कमी मानतात. "गुडघे दुखते ना बाई, म्हणून," आई म्हणाली. मॅडमना ते पटलं. गुडघे झिजलेल्या माणसाची ही चाचणी एकटीने ग्राह्य धरता येत नाही, म्हणूनच पकड वेगळी मोजतात, कारण दांडा दाबायला गुडघा लागत नाही.

त्यांना शंका होती ती सार्कोपेनिक ओबेसिटीची: अंगात चरबी जास्त आणि त्याच अंगात स्नायू कमी. 2022 साली युरोपातल्या पोषण आणि लठ्ठपणा या विषयांच्या दोन संस्थांनी मिळून तिची व्याख्या ठरवली. त्यांचा क्रम असा: आधी ताकद तपासायची, ती कमी निघाली तरच चरबी आणि स्नायू मोजायचे, आणि चरबी जास्त व स्नायू कमी हे दोन्ही एकाच वेळी दिसलं तरच निदान पक्कं. आईची ताकद कमी निघालीच होती, त्यामुळे पुढची पायरी डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी अंगातली चरबी, हाड आणि बाकीचं वजन वेगवेगळं मोजणारी तपासणी.

डेक्सासाठी नागपूर. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते, कारण अनेकांचा फेरा यातच फुकट जातो. डेक्सा म्हटलं की बहुतेक ठिकाणी फक्त कंबरेची आणि खुब्याची हाडं तपासतात. चिठ्ठीवर ‘होल बॉडी, बॉडी कंपोझिशन’ असं लिहून आणा आणि फोनवर तसं विचारून मगच निघा. अंगावर धातू चालत नाही. आईची जोडवी लग्नापासून बोटात होती आणि पायाला थोडी सूज. साबणाचं पाणी लावून, बोट दोऱ्याने आवळून मी ती एकेक काढली. सूज पाहून तिथल्या टेक्निशियनने विचारलं, ही रोजची आहे का? डेक्सा चरबी आणि हाड सोडून उरलेलं सगळं एकत्र मोजतं, त्यामुळे सुजेतलं पाणीही स्नायूत जमा होतं आणि आकडा फुगतो. आईची सूज प्रवासाची होती. तिला तासभर पाय वर करून बसवलं, मग टेबलावर घेतलं.

रिपोर्ट आला. चरबी 29 किलो, म्हणजे 66 किलोच्या जवळजवळ 44 टक्के. या वयाच्या आशियाई स्त्रीसाठी 41 टक्क्यांच्या वर जास्त मानतात. दोन्ही हातपाय मिळून स्नायू 12.5 किलो. आणि त्याखाली छापलं होतं: स्नायू नॉर्मल.

मी चक्रावले. मॅडमनी रिपोर्ट उलटा केला आणि मागे गणित मांडलं. मशीनने 12.5 ला उंचीच्या वर्गाने, म्हणजे दीड मीटर गुणिले दीड मीटर, 2.25 ने भागलं. उत्तर आलं 5.56. स्त्रियांची मर्यादा 5.4, म्हणून नॉर्मल. पण जाड माणसाचे पाय रोज जास्त भार वाहतात, त्यामुळे त्याच उंचीच्या बारीक बाईपेक्षा त्याचे स्नायू किलोत थोडे जास्तच भरतात. उंचीने भागलं की ते पुरेसे दिसतात. आईच्या पायांना उंची उचलायची नाही, 66 किलो उचलायचे आहेत. म्हणून नव्या व्याख्येत स्नायूंना वजनाने भागतात: 12.5 भागिले 66, म्हणजे 18.9 टक्के. स्त्रियांसाठी 19.4 च्या खाली कमी. तेच स्नायू, तोच दिवस, एका भागाकाराने नॉर्मल आणि दुसऱ्याने कमी. पकड कमी, चरबी जास्त आणि वजनाच्या मानाने स्नायू कमी, असं तिन्ही जुळल्यावर निदान झालं.

मला वाटलं, मग वजनाने भागणंच बरोबर. मॅडमनी लगेच दुसरं गणित घातलं. "समजा आईंनी उपाशी राहून आणखी पाच किलो उतरवले. नुसत्या उपासाने उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो. त्यातले हातापायाचे स्नायू 600 ग्रॅम धरू." राहिले 11.9 किलो स्नायू आणि 61 किलो वजन. भागाकार 19.5 टक्के, म्हणजे मर्यादेच्या वर! स्नायू आणखी गेले आणि कागदावर आई बरी झाली. उलट उंचीने भागलं तर 5.29, म्हणजे आता तिकडे कमी. दोन्ही भागाकार शेजारी ठेवून पकडीचा आकडा सोबत वाचला तरच खरं चित्र दिसतं. शिवाय 19.4 हा आकडा भारतीय वृद्धांवरून काढलेला नाही. तेव्हा 18.9 आणि 19.5 यांच्यामधल्या रेघेवर फार भरवसा ठेवू नका, असंही त्या म्हणाल्या. आकडा रेघेच्या आसपास असेल तर पकड आणि उठबस जास्त बोलते.

आईचं रात्रीचं जेवण त्याच दिवशी परत सुरू झालं. क्रिएटिनिन तपासून किडनी ठीक असल्याची खात्री केल्यावर मॅडमनी वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली, म्हणजे दिवसाला 66 ते 79 ग्रॅम. आमच्या घरी हे सोपं नव्हतं. वरण पातळ, त्यात डाळ किती असते! आता वरण घट्ट होतं, दुपारी दही, दोन अंडी, आणि शेतातल्या सोयाबीनचं पीठ भाकरीत मिसळतो. व्यायाम म्हणजे चालणं नाही, जोर लावणं: बाजेवरून हात न टेकता उठणं, आणि पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं, एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यात आई चिडायची, "काहून उठबस करवते, मी काय शाळेत हाओ?" पण करायची.

मोजमाप घरीच ठेवलंय. महिन्याला एकदा, त्याच बिनहाताच्या खुर्चीवर, पाच उठबशा मोबाइलवर मोजते. 19 सेकंदांवरून 15 वर आलीय. यवतमाळला पकड 17 भरली. वजन 65, आणि आता ते उतरलं नाही तरी मला घोर लागत नाही. पुढचा डेक्सा वर्षाने, नागपूरला, त्याच मशीनवर. दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि इथे तर सगळा फरक अर्ध्या किलोचा आहे.