सेलच्या मेलमधली ती फिकट ओळ

मोहाडीतल्या एका कोसा विणकर कुटुंबाच्या साड्यांसाठी मी ईमेल लिहितो. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं. दिवाळी सेलचा मेल तयार झाला, म्हणून पाठवायच्या आधी मालकांच्या फोनवर एक नमुना टाकला. विषय ठीक होता: ‘दिवाळी सेल: करवती साडीवर 20% सूट’. त्याखाली फिकट अक्षरांत आलं, ‘हा मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’.

मालक म्हणाले, “भाऊ, काय बिघडलं का यात?”

बिघडलं काही नव्हतं. विषयाखालची ही फिकट ओळ म्हणजे प्रीहेडर. तो वेगळा दिला नसेल, तर इनबॉक्स मेलमधला पहिला सापडेल तो मजकूर उचलतो. साच्यात सगळ्यात वर हीच ओळ होती. दुकानाबाहेर पाटी लावायची ती जागा, तिथं आम्ही ‘दार अडकलं तर ढकला’ असं लिहून ठेवल्यासारखं झालं होतं.

मजकुराच्या सुरुवातीलाच एक लपवलेला तुकडा घातला:

```html
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden">
या काठाला तीन धोटे लागतात, म्हणून साड्या मोजक्याच.
‌ ‌ ‌ 
</div>
```

शेवटची ती विचित्र चिन्हं म्हणजे न दिसणारी मोकळी जागा. आपलं वाक्य आखूड असलं की उरलेल्या जागेत ‘क्लिक करा’ पुन्हा डोकावतं. ते पुढं ढकलायला ही चिन्हं बरीच वेळा लिहावी लागतात. इथं थोडीच दाखवली आहेत.

वाक्य ठरवायला जास्त वेळ गेला. मालकांना ‘20% सूट, त्वरा करा’ हवं होतं. पण सूट विषयातच होती. तेच पुन्हा सांगून ती जागा वाया का घालवायची? मी विचारलं, साडी महाग का पडते? ते मागाजवळ घेऊन गेले. करवतीच्या दातांसारखा काठ आणि मधलं अंग एकमेकांत गुंतवायला आडवा धागा नेणारे तीन धोटे फिरतात, आणि हात भरभर चालत नाही. ओळ तिथंच मिळाली. ‘तीन धोटे’ हे शब्द मुद्दाम सुरुवातीकडे ठेवले, कारण फोनवर शेपूट कापली जाते. संगणकावरच्या जीमेलमध्ये तर विषय नि प्रीहेडर एकाच ओळीत बसतात. विषय लांबला की प्रीहेडर आक्रसतो.

मेल उघडल्यावर पहिलं वाक्यही तिथूनच सुरू केलं: ‘दोन धोटे काठांचे, तिसरा अंगाचा.’ खाली लगेच काठाचा जवळून घेतलेला फोटो. धोट्यांच्या कुतूहलानं आलेल्या माणसाला आधी ‘प्रिय ग्राहक, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ वाचायला लावलं, तर तो तिथूनच परततो.

यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग केले. विषय एकच, वेळ एकच. अर्ध्यांना जुनी ओळ, अर्ध्यांना नवी. उघडण्याच्या आकड्यावर मात्र माझा भरवसा अर्धाच. 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल, तर माणसानं मेल न पाहताही तो ‘उघडला’ म्हणून नोंदला जातो. म्हणून ती नावं बाजूला काढून ताळा केला, शिवाय क्लिक पाहिले. दोन्हींत नवी ओळ पुढं होती.

आठवणीचा मेलही ‘न उघडलेल्यांना’ न पाठवता क्लिक न केलेल्यांना पाठवला. त्याचा प्रीहेडर साधाच: ‘रविवारी रात्री सेल बंद.’