पेजेबरोबर कॅलरी किती जातात?

«भरपूर पाण्यात भात शिजवून पेज काढून टाकली, तर पाणी आटवून केलेल्या भातापेक्षा कॅलरी निम्म्या होतात म्हणे. खरं आहे का?»

नाही, निम्म्या होत नाहीत. साध्या पांढऱ्या तांदळाची पेज काढली तर शंभर कॅलरींमागे साधारण चार-सहा जातात. तांदूळ कणीचा असेल किंवा भात फार शिजला असेल तर थोड्या जास्त. तरीही दोन्ही भात शंभर-शंभर ग्रॅम मोजून घेतले की फरक याहून बराच मोठा दिसतो. गोंधळ इथेच होतो. हा फरक दोन वेगळ्या कारणांचा मिळून झालेला असतो, आणि त्यातलं मोठं कारण पेज नसून दाण्यात शिरलेलं पाणी असतं.

एक हिशोब पूर्ण करून पाहू. २०० ग्रॅम कोरडा पांढरा तांदूळ घेतला. कच्च्या तांदळात १०० ग्रॅमला साधारण ३६० कॅलरी असतात, म्हणजे पातेल्यात ७२० कॅलरी पडल्या. पाणी आटवून भात केला तर शिजल्यावर वजन समजा ५६० ग्रॅम भरलं. पाणी सगळं मुरलं किंवा वाफेने गेलं, स्टार्च जाणार कुठे? ७२०च्या ७२० कॅलरी भातातच आहेत. १०० ग्रॅम भातात सुमारे १२९. पोषण-तक्त्यांत शिजलेल्या पांढऱ्या भाताला १०० ग्रॅमला १३० कॅलरी असा आकडा दिसतो, तो अशाच भाताचा.

आता तेवढाच तांदूळ १६०० ग्रॅम उकळत्या पाण्यात सोडला आणि शिजल्यावर वेळून काढला. पेज निघाली ९०० ग्रॅम, भात भरला ६२० ग्रॅम, उरलेलं पाणी वाफ होऊन गेलं. त्या ९०० ग्रॅम पेजेत कोरडा ऐवज १० ग्रॅम निघाला असं धरू. तो जवळजवळ सगळा स्टार्चच असतो आणि ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या की गेल्या ४०. भातात राहिल्या ६८०. त्या ६२० ग्रॅमवर वाटल्या तर १०० ग्रॅमला ११० येतात.

१२९ आणि ११०. नुसते हे दोन आकडे बघणाऱ्याला पंधरा टक्के कॅलरी पेजेतून गेल्या असं वाटेल, पण प्रत्यक्षात साडेपाच टक्केच गेल्या आहेत. बाकीचा फरक पडला कारण वेळलेल्या भातात पाणी जास्त आहे, त्यामुळे तेवढ्याच वजनात तांदूळ कमी आला. १५० ग्रॅमची वाटी घेतली तर आटवलेल्या भातात १९३ कॅलरी, वेळलेल्यात १६५च्या आसपास. या २८ कॅलरींपैकी जेमतेम १० पेजेबरोबर गेल्या. उरलेल्या वाटीत आल्याच नाहीत, त्या अजून पातेल्यातल्या भातात आहेत. वाटी मोजून खाणाऱ्याला ही बचत खरीच आहे. पण शिजवलेला सगळा भात घरात संपणारच असेल, तर ४० कॅलरींपलीकडे काहीही वाचलेलं नाही.

इतका कमी स्टार्च का सुटतो, तर तो दाण्याच्या आत पेशींमध्ये कोंडलेला असतो. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात आणि त्यातला अमायलोज नावाचा सरळ साखळीचा भाग थोडाथोडा बाहेर झिरपतो. फांद्या असलेला मोठा रेणू, म्हणजे अमायलोपेक्टिन, बहुतांशी आतच अडकून राहतो. दाणा अखंड आहे तोवर नुकसान वरच्या थरापुरतं असतं. दाणा फुटला की आतला मऊ भाग सरळ पाण्यात विरघळायला लागतो. म्हणून कणी, फार शिजलेला भात आणि सारखा चमचा फिरवलेला भात यांची पेज दाट निघते. उकड्या तांदळाचं उलट आहे. त्यातला स्टार्च भरडण्याआधीच वाफेवर एकदा शिजून घट्ट झालेला असतो, म्हणून दाणा सहसा फुटत नाही आणि पेजही पातळ निघते. पाणी आटवून भात करताना हाच सुटलेला स्टार्च शेवटी दाण्यांवर परत बसतो, आणि तो भात जास्त चिकट लागतो तो त्यामुळेच.

पेज साखर काढून टाकते हा समजही यातलाच. भाताच्या पेजेत साखर नगण्य असते, जातो तो स्टार्च. आत जाळीचं भांडं बसवून पाणी वेगळं काढणाऱ्या कुकरलाही हाच हिशोब लागू आहे: खाली जमलेल्या पाण्यात जेवढा कोरडा ऐवज, तेवढ्याच कॅलरी कमी. जाहिरातीतली टक्केवारी वाचताना ती १०० ग्रॅम शिजलेल्या भातावर काढली आहे की कच्च्या तांदळावर, एवढं पाहिलं तरी पुष्कळ उलगडा होतो.

आपल्या तांदळाचा आकडा हवा असेल तर पेज वाळवून बघणं हा एकमेव भरवशाचा मार्ग आहे, आणि तो घरी जमतो. भात मीठ न घालता शिजवायचा. ही अट महत्त्वाची आहे. १६०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ टाकलं असेल तर ३०० ग्रॅम पेजेत दोन ग्रॅमच्या वर मीठ येतं, आणि वाळल्यावर ते स्टार्च म्हणून मोजलं जातं. तेल-तूपही नको. तांदूळ धुवायचा असेल तर धुण्याचं पाणी वेगळं टाकून द्यायचं, आणि दोन पद्धतींची तुलना करताना दोन्ही वेळा तेवढ्याच वेळा धुवायचा, कारण धुतानाही वरचं पीठ जातं आणि त्याचं श्रेय पेजेला मिळायला नको. भात चाळणीत ओतल्यावर पाच मिनिटं निथळू द्यायचा. घाईने उचललेल्या भाताला बरंच पाणी चिकटून राहतं, आणि त्या पाण्याचं वजन भाताच्या वजनात मिसळून १०० ग्रॅमच्या कॅलरी उगाच कमी दाखवतं.

सगळी पेज तोलून वजन लिहून ठेवायचं. मग ती गरम असतानाच तळापासून ढवळायची. ढवळली नाही तर स्टार्च खाली बसतो आणि वरवरचा नमुना खोटा निघतो. त्यातली ३०० ग्रॅम वेगळी घेऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर चार-पाच चमचे उरेपर्यंत आटवायची. पुढचं वाळवण गॅसवर करू नये, तळाशी लागतं आणि करपलेल्या स्टार्चचं वजन घटतं. आधी तोलून ठेवलेल्या हलक्या अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ती ओतायची, पातेलं दोन चमचे पाण्याने खरवडून तेही त्यात घालायचं आणि ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वाळवायचं. वरची पापडी सुकली तरी खाली ओल राहते, म्हणून एकदा तोलून पुन्हा अर्धा तास ठेवायचं. दोन वजनं सारखी आली म्हणजे झालं.

इथे स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा उपयोगाचा नाही. मोजायचा ऐवजच तीन-साडेतीन ग्रॅम आहे, एक ग्रॅम चुकला तर उत्तर तिसऱ्या हिश्श्याने चुकतं. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो. असे काटे जास्त वजन पेलत नाहीत, म्हणूनच ट्रे हलका सांगितला. ३०० ग्रॅम पेजेतून ३.३ ग्रॅम निघाले तर ९०० ग्रॅममध्ये ९.९ ग्रॅम. गुणिले ४, म्हणजे ४० कॅलरी.

पेजेच्या दाटपणावरून अंदाज बांधायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. कमी पाण्यात शिजवलेल्या भाताची ४०० ग्रॅम दाट पेज, जिच्यात अडीच टक्के ऐवज आहे, आणि भरपूर पाण्यात शिजवलेल्याची एक टक्क्याची एक किलो पातळ पेज, दोन्हींत स्टार्च १० ग्रॅमच. दाटपणाला पेजेच्या वजनाने गुणल्याशिवाय अर्थ नाही. थंड झाल्यावर तर पेज आणखीच घट्ट दिसते, तेव्हा फारच मोठं काहीतरी निघून गेल्यासारखं वाटतं.

जास्तीत जास्त कॅलरी काढायच्या म्हणून भात मुद्दाम फुटेस्तोवर शिजवणं मला पटत नाही. नुकसान दुप्पट झालं असं धरलं तरी २०० ग्रॅम तांदळामागे ८० कॅलरी होतात. त्या कच्च्या तांदळाच्या २२ ग्रॅममध्ये असतात. तेवढा तांदूळ सुरुवातीलाच कमी घेता येतो आणि भातही खाण्यासारखा राहतो. शिवाय पेजेबरोबर पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वंही जातात, वरून जीवनसत्त्वं चढवलेल्या तांदळातून तर जास्तच. पेज काढण्याच्या बाजूने एक सबळ कारण आहे, पण ते कॅलरींचं नाही: तांदळात आर्सेनिक जास्त असेल आणि शिजवायचं पाणी स्वच्छ असेल, तर सहापट किंवा अधिक पाण्यात शिजवून वेळल्याने त्यातला बराच भाग निघून जातो.

रोजच्या नोंदीसाठी पेज वाळवत बसायची गरज नाही. कच्चा तांदूळ तोलायचा, ३.६ने गुणायचं, शिजून निथळलेल्या सगळ्या भाताच्या वजनाने भागायचं. वरच्या उदाहरणात ७२० भागिले ६२०, म्हणजे ग्रॅमला १.१६. पेजेचे पाच टक्के वजा केले तर १.१०. वजा केले नाहीत तरी १५० ग्रॅमच्या वाटीत चूक नऊ-दहा कॅलरींची होते, तेवढी तर डावाने वाढतानाच होते. अॅपमध्ये मोठी चूक दुसरीकडेच घडते. शिजलेल्या भाताचं वजन टाकून नोंद कच्च्या तांदळाची निवडली की १५० ग्रॅमच्या १६५ कॅलरी ५४० होऊन बसतात, आणि उलट केलं तर जेवण एक तृतीयांश दिसतं. नोंदीत १०० ग्रॅमला ३५०-३६० असा आकडा असेल तर ती कोरड्या तांदळाची, १३०च्या आसपास असेल तर शिजलेल्याची. वेळलेल्या भाताची वेगळी नोंद सापडली तर तिच्यातला आकडा आपल्या भागाकाराशी ताडून बघायचा. १०० ग्रॅमला ६० किंवा ७० लिहिलं असेल, तर आपला २०० ग्रॅम तांदूळ शिजून एक किलोच्या वर भरला का ते आठवून पाहायचं. तसा भरला नसेल तर ती नोंद आपल्या भाताची नाही. आणि काढलेली पेज पीठ मळायला किंवा प्यायला वापरली असेल, तर वजा केलेल्या ४० कॅलरी तिकडे मांडायच्या.