पाच की पन्नास?

रविवार, रात्री

दुपारी जेवणं उरकल्यावर घरच्या ग्रुपवर भास्कराचार्यांचं माकडांचं गणित टाकलं. त्यांच्या बीजगणितातलं, म्हणजे साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीचं. कळपातल्या माकडांचा पाचवा भाग घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे आणि उरतील त्यांचा वर्ग करायचा. तितकी माकडं गुहेत शिरली. राहिलं एकच, ते फांदीवर चढलेलं दिसलं. तर कळप केवढा?

हात वाळायच्या आत भाच्याचं उत्तर हजर. “मावशी, ५. समीकरणात टाकून बघितलं, बरोबर बसतंय.” यंदा दहावीला आहे, वर्गसमीकरणं हातात बसलीत. खाली दोघांनी अंगठेही दाखवले. आमच्या ग्रुपवर पहिलं उत्तर आलं की ते बरोबरच असतं!

त्याची मांडणी चोख होती. एकूण माकडं x, म्हणून (x/५ − ३)² + १ = x. कंस सोडवून x² − ५५x + २५० = ०. अवयव पाडले की (x − ५०)(x − ५) = ०. त्यानं लहान संख्या आधी घेतली, ताळा केला, जमला आणि तिथेच थांबला. ताळा खरोखरच जमतो: पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२, त्याचा वर्ग ४, त्यात फांदीवरचं एक मिळवलं की ५.

मी फोन केला. म्हटलं, समीकरण बाजूला ठेव आणि माझा मूळ मेसेज उघड. त्यातल्या एकेका वाक्यात तुझी पाच माकडं बसव. “पाचवा भाग म्हणजे एक माकड,” तो म्हणाला. बरं, आता त्यातून तीन माकडं काढ. जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, “पण वर्ग केल्यावर बरोबर येतं ना!”

हीच तर मेख आहे. −२ आणि २, दोघांचाही वर्ग ४. वर्ग केला की आधीचं चिन्ह पुसलं जातं, मग समीकरणाला ते कळणार कुठून? म्हणून त्याला प्रश्न फिरवून दिला: समज, पाचव्या भागातून तीन वजा न करता तीनातून पाचवा भाग वजा करायचा असता, तर? त्यानं मांडून पाहिलं आणि समीकरण अक्षरशः तेच आलं. पण या वेळी ५ चालतात, कारण ३ मधून १ गेला की २ उरतात. आणि ५० अडतात, कारण ३ मधून १० जात नाहीत. गोष्टी दोन, समीकरण एक. त्यामुळे आपण कुठल्या गोष्टीत आहोत हे समीकरणात उत्तर टाकून कधीच कळणार नाही. त्या ताळ्यात आकडेमोडीतली चूक सापडते, एवढंच. शब्दांचं समीकरण करताना जे निसटलं, ते शोधायला शब्दांकडेच परत जावं लागतं.

मग त्यानं स्वतःहून ५० बसवले. पाचवा भाग १०, तीन वजा जाता ७, गुहेत ४९, फांदीवर १. कुठेच अडलं नाही.

भास्कराचार्यांनीही इथे ५० घेतले आणि ५ सोडले. कारण दिलं ते फार आवडतं मला: प्रत्यक्ष वस्तूंची संख्या ऋण असते यावर लोकांचा विश्वास बसत नाही. ऋण संख्यांचे नियम त्याच ग्रंथात मांडणारा माणूस हे म्हणतोय! त्यांना −२ चं वावडं नव्हतं, गुहेत निघालेल्या माकडांत मात्र ते नको होते. (चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, दिवाळीत पोराला तिथे न्यायचं मनात आहे.)

एवढं झाल्यावर पठ्ठ्यानं लगेच नियम करून टाकला: “म्हणजे दोन उत्तरं आली की मोठं घ्यायचं.” छे! मग त्याच ग्रंथातलं दुसरं माकडांचं गणित दिलं. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला की येतील तितकी माकडं वनात खेळताहेत, उरलेली १२ टेकडीवर किचाट करताहेत. इथे १६ आणि ४८ अशी दोन उत्तरं येतात. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. अठ्ठेचाळिसाचा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. दोन्ही प्रत्येक वाक्यात बिनतक्रार बसतात. भास्कराचार्यांनीही दोन्ही मान्य केली आहेत. तेव्हा नुसतं ४८ चा ताळा जमला म्हणून १६ खोटे ठरत नाहीत. आणखी कोणी बसतं का, हे ताळा सांगत नाही. त्यासाठी अवयवांकडेच बघावं लागतं.

रात्री त्यानं ग्रुपवर दोन्ही गणितांचे ताळे वाक्यावाक्यानं लिहून टाकले. दुसऱ्याखाली त्याच्या बाबांनी विचारलंय, “पण खरं उत्तर कुठलं?”