निकेलभोवतीचं ते अधिकचं चिन्ह

सेकंड इयरच्या इनऑर्गॅनिकच्या पेपरात एक आकृती आली होती. मधे Ni, चार दिशांना चार Cl, सरळ रेघांनी जोडलेले, अगदी अधिकचं चिन्ह काढावं तसे, बाहेर चौकटी कंस आणि कंसाच्या डोक्यावर 2−. खाली तीन उपप्रश्न: नाव लिहा, धातूची ऑक्सिडेशन स्टेट काढा, जॉमेट्री आणि हायब्रिडायझेशन सांगा. प्रत्येकी एक मार्क. आणि या तीन मार्कांवरून कॅप सेंटरवर जी सकाळ गेली ती अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तपासणीबद्दल बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. शंका काढायची ती पहिल्या चहाच्या आत काढायची. एकदा गठ्ठे सुटले, मार्क भरायला लागले की मग कोणी मागे जायला तयार नसतं, चीफ मॉडरेटर तर अजिबात नाही. त्यामुळे मी पहिल्या काही पेपरांमधेच हा प्रश्न बघून घेतला, आणि बघते तर जवळजवळ सगळ्यांनी स्क्वेअर प्लॅनर, dsp² लिहिलेलं. मॉडेल आन्सरमधे टेट्राहेड्रल, sp³.

मॉडेल आन्सर बरोबर आहे, त्यात वादच नाही. Ni²⁺ म्हणजे 3d⁸, पाच खोक्यांत तीन जोड्या आणि दोन सुटे इलेक्ट्रॉन. स्क्वेअर प्लॅनर व्हायचं तर ते दोन सुटे एका खोक्यात कोंबावे लागतात, म्हणजे एक d ऑर्बिटल रिकामं होतं आणि dsp² जमतं. सायनाइड ते करून दाखवतो, म्हणून [Ni(CN)₄]²⁻ स्क्वेअर प्लॅनर आणि डायमॅग्नेटिक. क्लोराइडची निकेलशी तेवढी ताकद नाही, सुटे ते सुटेच राहतात, म्हणून [NiCl₄]²⁻ टेट्राहेड्रल, निळा, पॅरामॅग्नेटिक. हे आपण वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगतो.

पण पेपरात आकृती कोणती होती? टेट्राहेड्रल काढताना दोन बाँड साध्या रेघेने काढतात, एक जाड पाचरीने पुढे आणि एक तुटक पाचरीने मागे. इथे चारही साध्या रेघा, आणि रेघांमधला कोन चक्क नव्वद. माझी खात्री आहे की पेपर सेटरने हाताने नीट काढलं असणार आणि टाइप करणाऱ्याने वर्डमधल्या शेप्समधून रेघा ओढून काम उरकलं. प्रूफ बघायची जबाबदारी कोणाची, हे विचारलं की सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. आणि वर प्रश्नाची भाषा काय, तर "दिलेल्या आकृतीवरून उत्तरे लिहा". आता आकृतीवरून म्हटल्यावर पोरांनी आकृतीच बघितली तर त्यांचं काय चुकलं?

गंमत म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या ऑर्गॅनिकच्या मॅडम म्हणाल्या, "अगं आमच्याकडे तर असा क्रॉस म्हणजे टेट्राहेड्रलच की!" खरंय, फिशर प्रोजेक्शनमधे कार्बनभोवती अशाच चार रेघा असतात आणि तो टेट्राहेड्रलच धरायचा असतो. म्हणजे तेच पोरगं एका पेपरात क्रॉस बघून टेट्राहेड्रल म्हणतं आणि दुसऱ्या पेपरात त्याच क्रॉसला स्क्वेअर प्लॅनर. आणि Ni च्या जागी Pt असता तर हीच आकृती जशीच्या तशी बरोबर ठरली असती, कारण 5d धातूत स्प्लिटिंग एवढं मोठं असतं की क्लोराइडसुद्धा जोडी लावून टाकतो, [PtCl₄]²⁻ पक्का स्क्वेअर प्लॅनर. म्हणजे "क्लोराइड वीक म्हणून टेट्राहेड्रल" असं नुसतं पाठ करणाराही फसतो, धातू बघावाच लागतो.

मी मॉडरेटर सरांकडे गेले. सर म्हणाले, "मॅडम, दोन्हीला मार्क द्या आणि मोकळ्या व्हा." शेवटी ठरलं असं की जॉमेट्री कोणतीही चालेल, फक्त हायब्रिडायझेशन तिच्याशी जुळलं पाहिजे. स्क्वेअर प्लॅनर आणि sp³ लिहिलं तर शून्य.

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. कारण त्याच गठ्ठ्यात एक पेपर होता, अक्षर अगदी गचाळ, पण समासात पेन्सिलने पाच खोकी काढलेली, बाण भरलेले, आणि खाली इंग्रजीत मोडकं वाक्य की आकृती सपाट दिसतेय पण Cl⁻ वीक आहे, जोडी लागणार नाही, म्हणून sp³, टेट्राहेड्रल. समोर छापलेल्या चित्राच्या विरोधात जाऊन सेकंड इयरचं पोरगं आपल्या हिशोबावर ठाम राहतं! त्याला एक मार्क, आणि चित्र बघून dsp² ठोकणाऱ्यालाही एकच मार्क. चित्र बघणाऱ्यांचा मार्क कापावा असं माझं म्हणणं नाही, चूक पेपरची होती. पण प्रश्नाने जे मोजायचं होतं ते मोजलंच गेलं नाही.

ऑक्सिडेशन स्टेटचंही तेच. x + 4(−1) = −2, म्हणून x = +2. सोपं. पण इथे आयनचा चार्ज 2− आणि धातू +2, आकडा एकच. ज्याला काही येत नाही तो कंसावरचा 2 उचलतो, चिन्ह बदलतो आणि मार्क घेऊन जातो. [Fe(CN)₆]⁴⁻ दिला असता तर असा माणूस +4 लिहून लगेच सापडला असता, कारण तिथे उत्तर +2 आहे. पायऱ्या दाखवल्या नाहीत तरी मार्क द्या असा आदेश, त्यामुळे कोणाला येतंय आणि कोणी उचललंय हे कळायला मार्गच नाही.

नावात क्लोरो आणि क्लोरिडो दोन्ही चालवलं, नवीन आणि जुनी पुस्तकं दोन्ही वापरात आहेत, ठीक. "निकेल(II)" लिहिणाऱ्यांचे मार्क गेले, आयन निगेटिव्ह असल्यावर "निकेलेट" व्हायलाच पाहिजे. पण एकाने लिहिलं होतं टेट्राक्लोरिडोनिकेलेट(2−). माझ्या सहपरीक्षकाने सरळ लाल फुली मारली, रोमन आकडा नाही म्हणून. आता आययुपॅकच्या नियमांत ऑक्सिडेशन स्टेटऐवजी आयनचा चार्ज असा साध्या आकड्यात कंसात लिहिलेला चालतो, म्हणजे हे नाव पूर्ण बरोबर आहे. त्या पोराला हे माहीत होतं की त्याने चार्ज आणि ऑक्सिडेशन स्टेटचा घोळ घालून नकळत बरोबर लिहिलं? मी खालचं उत्तर बघितलं, तिथे ऑक्सिडेशन स्टेट −2 लिहिली होती. म्हणजे घोळच. तरीही नाव बरोबर आहे, मी म्हटलं, नावाला मार्क द्यायलाच लागेल. सहपरीक्षक म्हणाला, ज्याला समजलंच नाही त्याला कसला मार्क? मी म्हटलं, मग वर आपण बाकीच्यांना काय देतोय?

फुली खोडून मार्क दिला, मॉडरेटर सरांची सही घेतली. सहपरीक्षक अजून नाराज आहे. आता पेपर सेटिंगला मी [NiCl₄]²⁻ फक्त फॉर्म्युला म्हणून देते, आकृती नाही. आकृती द्यायचीच तर [Co(en)₂Cl₂]⁺ सारखी, जिथे दोन Cl शेजारी आहेत की समोरासमोर हे चित्रावाचून कळतच नाही, आणि ती स्वतः काढून, स्कॅन करून लावते. टाइप करणाऱ्याला हात लावू देत नाही.