जांभ्याच्या भिंतीतलं प्लास्टिक

ऐन ऑगस्टमध्ये खानापूरच्या एका जुन्या घरातून बोलावणं आलं. दीड फूट जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मुलगा घरून काम करतो म्हणून पुढच्या खोलीत एसी बसवलेला. बिल कमी यावं म्हणून कुणा कारागिरानं भिंतीला आतून दोन इंची थर्माकोल, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि वर जिप्सम बोर्ड ठोकून दिले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात बोर्डाच्या तळाशी काळी बुरशी धरली.

"एसीचं पाणी मुरतंय काय बघा की," काका म्हणाले. एसी ठीक होता. एक बोर्ड आणि त्यामागचा थर्माकोल काढला, तर प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब आणि खोलीकडचं अंग कोरडं. म्हणजे ओल खोलीतल्या हवेची नव्हती, भिंतीतून येत होती.

बाहेर जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. चुन्याचा जुना गिलावा खरवडून सिमेंटचा केलेला, वर ॲक्रिलिक रंग. त्याला केसासारख्या भेगा. पाऊस भेगांतून जांभ्यात शिरतो, पण वाफ होऊन बाहेर पडायला सिमेंट आणि रंग वाट देत नाहीत. मग ती वाफ आत येते. एसी १८ वर, त्यामुळे प्लास्टिक १९-२० अंशांना गार. ओल्या भिंतीची वाफ तिथं पोचली की पाणी होणारच. खोलीच्या बाजूला प्लास्टिक लावायची पद्धत थंड देशांतली. तिथं उबदार, दमट हवा खोलीत असते. आपल्याकडे एसीच्या खोलीत सगळं उलट.

आतलं सगळं उतरवलं. बाहेरचं सिमेंट काढलं आणि भिंत उघडीच ठेवली. वाळायला इंचाला महिना हा आमचा ढोबळ हिशोब, दोन्ही अंगांनी वाळली तर त्याहून लवकर. पाऊस झोडपतो त्या पश्चिमेकडे आधी पागोळ्यांची पन्हळ दुरुस्त केली, मग पाऊस सरल्यावर चुन्याचा गिलावा. भिंतीला पुन्हा थर्माकोल लावू दिला नाही. उन्हाळ्यात खोली मुख्यतः कौलांमुळे तापते, म्हणून कौलांखाली हवा खेळायला फट सोडून छतालाच थर दिला. काकांना हे पटायला वेळ लागला. भिंतीवर केलेला खर्च डोळ्यांपुढे होता.

खिडकीला आतून बसवलेली दुसरी काच मात्र ठेवली. दोन काचांमध्ये चार बोटं अंतर होतं, पण जुनी चौकट इतकी गळकी की बाहेरची दमट हवा तिथं शिरून गार आतल्या काचेवर धुकं धरायचं. जुन्या झडपांच्या कडांना रबरी पट्टी लावली आणि आतली काच साफसफाईला उघडेल अशी बिजागरीवर घेतली. एसी २५ वर ठेवायचा, असं मुलाकडून कबूल करून घेतलं. तेवढी काच गार होत नाही, आणि बिलही त्यानंच जास्त उतरतं.